जाऊन ये

वाचक माउली, प्रश्न वरवर अगदी साधा आहे. जिवाभावाच्या मित्राला परदेशात नोकरी लागली. आपण त्याचे अभिनंदन करायला निघालो. मनात आनंद आहे. त्याच मनात एक कळही आहे, की आता हा रोज भेटणार नाही. ती कळ त्याच्यापुढे बोलून दाखवावी की नाही? बोलून दाखवली तर त्याच्या आनंदावर विरजण पडेल असे वाटते. गिळून टाकली तर जे बोललो ते अर्धेच खरे ठरते. शिवाय आपण माळकरी. संग नाशवंत आहे, आसक्ती दुःखाचे मूळ आहे, हे आपण वर्षानुवर्षे कीर्तनात ऐकत आलो. मग मित्र दूर चालला म्हणून गळा दाटून येणे हा परमार्थातला कच्चेपणा नव्हे काय?

हा प्रश्न आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. ज्या गावांतून दिंड्या निघतात त्या गावांतली मुलेही आज आखातात, जर्मनीत, जपानात जातात. त्यांतला एखादा आपल्या भजनी मंडळाचा पखवाजी असतो, एखादा दिंडीत आपल्या शेजारच्या जागेवर टाळ वाजवणारा असतो. म्हणून या प्रश्नाचा विचार आपल्या परंपरेतल्याच आधाराने करू.

आधी शंका घेऊ. ज्ञान झाल्यावर रडू येते का? याचे उत्तर श्रीमद्भागवताने दिले आहे, आणि ते उद्धवाच्या चरित्रात दिले आहे. भागवतात उद्धवाचे दोन प्रवास येतात. ते एकापाठोपाठ एक पाहिले की आपला प्रश्न निम्मा सुटतो.

पहिला प्रवास दशम स्कंधातला. श्रीकृष्ण मथुरेला गेले आहेत, गोकुळ विरहात बुडाले आहे. भगवंत आपल्या या लाडक्या सख्याचा हात हातात घेऊन त्याला गोकुळात पाठवतात. उद्धव मोठा बुद्धिमान. तो निरोप घेऊन जातो, की देव सर्वांच्या अंतरी आहे, त्याचा वियोग कोणालाच होत नाही. निरोप खोटा नव्हता. पण गोपींची अवस्था पाहून निरोप देणारा स्वतःच विरघळला. तो तिथे काही महिने राहिला, आणि शेवटी त्याने एवढेच मागितले, की वृंदावनात एखादे झुडूप किंवा वेल व्हावे म्हणजे या गोपींची चरणधूळ अंगावर पडेल. ज्ञान सांगायला गेलेला तो प्रेम शिकून परतला.

दुसरा प्रवास एकादश स्कंधातला. या स्कंधावर नाथमहाराजांनी टीका लिहिली, पैठणला सुरू केली आणि शके 1495 मध्ये, म्हणजे 1573 साली, काशीला पूर्ण केली. त्यात सातव्या अध्यायापासून एकोणतिसाव्या अध्यायापर्यंत श्रीकृष्ण उद्धवाला उपदेश करतात. तेवीस अध्याय! यदुराजा आणि अवधूताचा संवाद त्यात आहे, भक्तियोग आहे, ज्ञान आहे, वैराग्य आहे. हे सगळे ऐकून उद्धवाच्या शंका संपल्या. मग भगवंतांनी आज्ञा केली, की आता तू बदरिकाश्रमाला जा.

आता इथे काय व्हायला हवे होते? आपल्या शंकेप्रमाणे उद्धवाने कोरड्या डोळ्यांनी नमस्कार करून चालू लागायला हवे होते. पण भागवत वेगळेच सांगते. उद्धवाने प्रदक्षिणा केली, चरणांवर मस्तक ठेवले, आणि ते चरण अश्रूंनी भिजवले. व्यासांनी इथे मुद्दाम सांगितले आहे, की तो सुखदुःखादी द्वंद्वांच्या पलीकडे गेलेला होता, तरीही निघण्याच्या वेळी त्याचे चित्त द्रवले. त्याला तिथून पाय उचलवेना. तो पुन्हा पुन्हा नमस्कार करीत राहिला. शेवटी स्वामींच्या पादुका मस्तकी धरून तो निघाला.

माउली, इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. तो रडला ही एक. आणि तो गेला ही दुसरी. रडल्याने त्याचे ज्ञान उणे झाले नाही, आणि रडल्याने आज्ञाही मोडली नाही. तेवीस अध्याय ऐकलेल्याला जे अश्रू आवरले नाहीत, ते आपण मित्रापुढे आवरून धरावेत आणि त्याला वैराग्य म्हणावे, हे बरोबर नाही. आसक्तीची खूण अश्रू ही नव्हे. जाणाऱ्याचा पाय धरून ठेवणे ही आसक्तीची खूण आहे. उद्धवाचे अश्रू पायांवर पडले, पायांत अडकले नाहीत.

कोणी म्हणेल, उद्धव तर जाणारा होता. मागे राहणाऱ्याने काय करावे? त्यासाठी आपल्या पंढरीत यावे लागते. नामदेवरायांच्या अभंगांत तीर्थावळीचे प्रकरण आहे. ज्ञानदेवांना तीर्थयात्रेला नामदेवांची सोबत हवी होती. नामदेवांना पंढरी सोडवेना. शेवटी गोष्ट विठुरायापर्यंत गेली. देवाने नामदेवांना जायला सांगितले, त्यांचा हात ज्ञानदेवांच्या हाती दिला, सांभाळायला सांगितले. आणि नामदेव गेल्यावर देवालाच चैन पडेना. रुक्मिणीमातेने विचारले, की आज असे खिन्न का? देवाने कारण लपवले नाही.

मागे राहणाऱ्याचा धर्म या प्रसंगात पुरता येतो. देव वियोगाने खिन्न झाला, पण आपली खिन्नता त्याने नामदेवांच्या वाटेत आडवी घातली नाही. त्याने आधी हात दिला. पुढे हेच नामदेवराय पंजाबपर्यंत पोहोचले. घुमान हे त्यांचे स्थान आजही तिथे आहे, आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची पदे आदराने गायली जातात. महाद्वारी बसून राहिले असते तर ते घडले नसते. आणि यात्रेहून ते परतले तेव्हा पंढरीत मावंदे झाले, त्यात देवाचाच पुढाकार होता, असे तीर्थावळी सांगते. जाऊ दिले म्हणून प्रेम कमी झाले नाही, आणि वाट पाहिली म्हणून जाणे खोटे ठरले नाही.

आता हे आपल्या घरच्या भाषेत उतरवून पाहू. मित्राला निरोप देताना आपल्या तोंडून सहसा तीन प्रकारची वाक्ये निघतात, आणि तिन्ही बिघडलेली असतात.

पहिला प्रकार, गिळून टाकण्याचा. "छान झालं, अभिनंदन," एवढे बोलून माणूस विषय बदलतो. मनात उमाळा दाटलेला असतो, पण दिसू नये म्हणून चेहरा कोरडा ठेवलेला असतो. मित्राला आतले काय दिसणार? त्याला कोरडा चेहराच दिसतो. त्याला वाटते याला काही वाटलेच नाही, किंवा याला हेवा वाटला. वियोग अजून व्हायचाच असतो, पण अंतर त्या दिवसापासून पडायला लागते.

दुसरा प्रकार, ओझे टाकण्याचा. "तू चाललास, आता आमचं काय? मंडळाचं काय? म्हातारपणी आईवडिलांकडे कोण बघणार?" यात शब्द प्रेमाचे असतात, पण प्रत्येक वाक्य मित्राच्या खांद्यावर एकेक दगड ठेवते. आईवडिलांची काळजी खरी असेल तर ती काळजी म्हणून, उपाय घेऊन बोलावी. आपल्या दुःखाला धार यावी म्हणून त्यांना मध्ये आणू नये.

तिसरा प्रकार खास आपल्यासारख्यांचा, परमार्थाचे पांघरूण घेण्याचा. "अरे, कोण कुणाचं? सगळी माया आहे. पांडुरंग तिथंही आहे." हे गोकुळात गेलेल्या उद्धवाचे बोलणे झाले. खोटे एक अक्षर नाही, पण जागा चुकलेली. समोरचा माणूस घर सोडतो आहे, त्याला या वेळी सिद्धांत नको असतो. आणि बहुधा बोलणाऱ्यालाही सिद्धांत सांगायचा नसतो, त्याला आपला भरलेला गळा झाकायचा असतो.

मग बोलावे कसे? एका दिंडीतली गोष्ट सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे दोघे मित्र. एक दूधसंकलन केंद्र चालवतो आणि मंडळात टाळकरी आहे. दुसरा नर्सिंग शिकलेला, तालुक्याच्या दवाखान्यात ब्रदर म्हणून नोकरीला, आणि मंडळाचा पखवाजी. बारा वर्षे माउलींच्या सोहळ्यात दोघे एकाच दिंडीत चालले, दिवेघाट एकमेकांच्या आधाराने चढले, एकाच राहुटीत झोपले. पखवाज्याने दीड वर्ष जर्मन भाषेचा अभ्यास केला, परीक्षा दिली, आणि त्याला जर्मनीतल्या एका रुग्णालयात काम मिळाले.

बातमी कळली त्या दिवशी टाळकऱ्याने फक्त आनंद केला. पेढे आणायला तो स्वतः गेला. आणि त्याने प्रश्न विचारले. गाव कोणते, थंडी किती असते, पाळी रात्रीची असते का, जेवणाचे काय करणार, निघायचे कधी. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. नुसत्या "अभिनंदन" या शब्दात मित्राच्या दीड वर्षाच्या कष्टाची ओळख नसते. पहाटे धारा काढायच्या वेळी याच्या खोलीत दिवा दिसायचा, हे टाळकऱ्याला ठाऊक होते, आणि ते त्याने मंडळात सर्वांसमोर सांगितले. त्या दिवशी आपल्या वियोगाचे एक अक्षरही तो बोलला नाही. तो दिवस मित्राचा होता.

व्हिसा हाती आला, निघायची तारीख ठरली, त्यानंतर एका संध्याकाळी हरिपाठाआधी दोघे मंदिरात लवकर आले होते. पखवाजी धुमेला लावायची कणीक मळत होता. तेव्हा टाळकरी म्हणाला, "तू चाललायस याचा मला मनापासून आनंद आहे. आणि तू गेल्यावर मला तुझ्यावाचून सुनं वाटणार आहे. कणीक मळताना तू दिवसभराचं बोलतोस ना, ते ऐकायची सवय झालीय. दिवेघाटात तर जास्तच आठवण येईल. हे तुला थांबवायला नाही सांगत. तुला माहीत असावं म्हणून सांगतो." पखवाजी थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं झालं बोललास. मला वाटत होतं, मलाच जड जातंय."

या बोलण्याची बांधणी पाहा. आनंद आधी आला, आणि तो अखंड आला. दोन वाक्यांना जोडणारा शब्द "आणि" होता, "पण" नव्हता. "आनंद आहे, पण आठवण येईल" असे म्हटले की आपल्या भाषेत "पण" हा पुढच्या वाक्याला बळ देतो आणि मागचे खोडतो. ऐकणाऱ्याच्या कानात आनंद उरत नाही, तक्रारच उरते. "आणि" म्हटले की दोन्ही खरे राहतात. उद्धवाचे चरित्रही असेच आहे, तो रडला आणि गेला.

दुसरे म्हणजे, आठवण कशाची येईल ते त्याने नेमके सांगितले. कणीक, दिवेघाट. "तुझ्याशिवाय जगणं कठीण" असले मोठे वाक्य ऐकले की मित्र घाबरतो, त्याला वाटते आता याला सावरायला हवे. कणकेचा गोळा मात्र हलका असतो. तो मनात ठेवून परदेशी जाता येते. आणि तिसरे, त्याने बोलणे तिथेच संपवले. उत्तर मागितले नाही, वचन मागितले नाही, "दर वर्षी वारीला येशील ना?" असे पदरात पाडून घेतले नाही.

पुढे जे घडले ते तीर्थावळीतल्या हात देण्यासारखे आहे. दोघांनी मिळून नववीतला एक मुलगा निवडला. निघायला तीन महिने होते. त्या तीन महिन्यांत पखवाज्याने त्याला भजनी ठेका आणि धुमाळी बसवून दिली, कणीक किती सैल मळायची आणि किती जाड थापायची ते शिकवले. मुलगा अजून गवळणीत लय धरताना चुकतो, पण हरिपाठ अडत नाही. दुःख बोलून मोकळे झाले म्हणून ही सोय सुचली. गिळून टाकले असते तर दोघेही शेवटच्या दिवसापर्यंत तो विषय टाळत राहिले असते.

म्हणून वियोग संपला असे समजू नका. उन्हाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार तास. इथे संध्याकाळी सातला हरिपाठ सुरू होतो तेव्हा तिथे दुपारचे साडेतीन किंवा अडीच वाजलेले असतात आणि तो वॉर्डात कामावर असतो. फोन एकादशीला होतो, कधी तोही हुकतो. टाळकऱ्याला अजून सुने वाटते. खरे बोलण्याने वियोग टळत नाही. त्यात गैरसमज मिसळत नाही, एवढेच होते.

आता सर्वांत अवघड भाग. आपल्या मनातली कळ प्रेमाची आहे की हेव्याची, हे ओळखायचे कसे? दोन्ही छातीत एकाच जागी दुखतात. एक कसोटी आहे, ती एकांतात लावून पाहावी. समजा, उद्या कळले की मित्राचे कागद नाकारले गेले, तो आता जात नाही. हे ऐकताक्षणी मनात पहिले काय हलेल? त्याच्यासाठी वाईट वाटेल, की आधी एक सुटकेचा श्वास येईल? श्वास आला म्हणून स्वतःला पापी समजू नये. सहवासाची गोडी असलेल्या कोणालाही तो क्षणभर येईल. पण तो श्वास टिकून राहिला, मित्राचे दुःख दिसेचना, तर समजावे की आपल्याला मित्र हवा नसून मित्राची सोबत तेवढी हवी आहे. आणि तो गेल्यावर आपण मागे पडलो, लहान ठरलो, असा सल असेल, तर ती आठवण नव्हेच. त्या स्थितीत "तुझी आठवण येईल" हे त्याच्यापुढे बोलू नये. ते आधी पांडुरंगापुढे बोलावे. तिथे हेवाही बोलता येतो.

पतंजलींनी चित्त प्रसन्न ठेवण्यासाठी सुखी माणसाशी मैत्री आणि पुण्यवंताविषयी मुदिता, म्हणजे आनंद, सांगितला आहे. मित्राला यश मिळते तेव्हा तो आपल्यासमोर सुखी म्हणून उभा असतो. त्याच्या सुखाशी मैत्री राहिली तर आपली कळ निर्मळ राहते. ती मैत्री हलली की त्याच कळीचा काटा होतो.

आणखी एक मर्यादा आहे. मित्राचा निर्णय पक्का होण्याआधी हे बोलू नये. तो अजून द्विधा असेल, घरी आजारपण असेल, कर्ज असेल, जावे की राहावे याचा तराजू त्याच्या मनात वरखाली होत असेल, तर आपले एक वाक्य त्या तराजूत वजन म्हणून पडते. त्या वेळी फक्त ऐकावे, आणि विचारले तर त्याच्या हिताचे सांगावे. आणि निरोपाच्या दिवशी, शाल-श्रीफळाच्या गर्दीत किंवा विमानतळावरही हे बोलू नये. तिथे घरचे लोक असतात, त्या घटकेवर आधी त्यांचा हक्क असतो.

हे सगळे लक्षात ठेवायला कठीण वाटत असेल, तर आपल्या मायबोलीने ते आधीच दोन शब्दांत बांधून ठेवले आहे. घरातून निघणारा माणूस आपल्याकडे "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. आणि दारात उभे असलेले माणूस म्हणते, "जाऊन ये." यातल्या "जाऊन" मध्ये परवानगी आहे, आशीर्वाद आहे, हात सोडणे आहे. "ये" मध्ये ओढ आहे, वाट पाहणे आहे. "ये" म्हणताना कोणी तारीख विचारत नाही. नुसते "जा" म्हटले तर ते कोरडे होते, नुसते "ये" म्हटले तर अडवणूक होते. दोन्ही एका दमात म्हटले की निरोप पुरा होतो.

वारी या शब्दातही जाणे आणि पुन्हा येणे हे दोन्ही आहे. म्हणून वारकऱ्याला हे कोणी नव्याने शिकवायला नको. आपल्यापैकी कोणाचा मित्र येत्या दिवसांत दूरदेशी निघाला असेल, तर त्याच्या हाती सामानाच्या यादीसोबत हे खरे वाक्यही द्या. आनंद पुरता सांगा, कळ थोडक्यात सांगा, आणि मग त्याची पेटी उचलायला हात लावा.

राम कृष्ण हरी.